रंगावर जाऊ नका, तळाचं चिन्ह बघा

प्रश्न: पासपोर्टच्या कव्हरच्या रंगावरून तो जगातल्या कुठल्या भागाचा आहे हे कळतं का? आणि काही पासपोर्टवर खाली छोटं सोनेरी चिपसारखं चिन्ह असतं, ते असलं की पासपोर्ट नवीन समजायचा का?

उत्तर:

मुंबई विमानतळावर चेक-इन काउंटरवर नऊ वर्षं काढली आहेत, त्यामुळे लोक पासपोर्ट पुढे सरकवतात तेव्हा पहिली नजर कव्हरवरच पडते. नवीन असताना मीही रंगावरून देश ओळखायचा खेळ खेळायचे. वर्षभरात सोडून दिला, कारण रंग निम्मंच सांगतो, आणि नेमकं हवं तेव्हा फसवतो.

आधी एक गोष्ट. पासपोर्टचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना पुस्तिकेचा आकार ठरवते, आतल्या पानाची मांडणी ठरवते, खालच्या दोन ओळींतलं एकेक अक्षर ठरवते. कव्हर कुठल्या रंगाचं असावं याबद्दल मात्र ती काहीच सांगत नाही. रंग ज्या त्या देशाची मर्जी. त्यातून जे साम्य दिसतं ते शेजाऱ्यांनी आपसांत ठरवल्यामुळे. युरोपातल्या तेव्हाच्या समूहाने १९८१ मध्ये ठराव केला की सगळ्यांनी मरून रंग घ्यायचा. म्हणून पोर्तुगाल, जर्मनी, फ्रान्स, इटली सगळे मरून. पण ठराव बंधनकारक नव्हता, आणि २०१३ मध्ये युरोपियन युनियनमध्ये आलेला क्रोएशिया आजही गडद निळाच पासपोर्ट देतो. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरिया, घाना वगैरे देशांचा हिरवा रंगही असाच गटाचा.

हिरवा म्हणजे मुस्लिम देश, हे तर मी काउंटरवर सहकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलंय. पाकिस्तान, सौदी, बांगलादेश हिरवे आहेत, खरं आहे. पण तैवानही हिरवा, मेक्सिकोही हिरवा. आणि उलट अमिरातीचा निळा, तुर्कस्तानचा साधा पासपोर्ट मरून. जपानची तर वेगळीच तऱ्हा: दहा वर्षांचा पासपोर्ट लाल, पाच वर्षांचा निळा. तिथे रंगावरून मुदत कळते.

आपल्याकडेही मरून पासपोर्ट आहे बरं का. राजनैतिक अधिकाऱ्यांचा. सरकारी कामासाठी जाणाऱ्यांचा पांढरा, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांचा निळा. २०१८ च्या जानेवारीत परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलं होतं की ज्यांना परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, त्यांना नारिंगी पासपोर्ट मिळेल. म्हणजे मुख्यतः आखातात मजुरीला जाणारा, दहावी न झालेला माणूस रांगेत लांबूनच ओळखू आला असता. ओरड झाली आणि महिन्याच्या आतच निर्णय मागे घेतला. बरं झालं.

गोव्याचं उदाहरण देते, कारण रंगाची मर्यादा त्यात छान दिसते. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. त्यामुळे मरून पासपोर्ट, आडनाव गोव्याचं, जन्मस्थान गोवा आणि बोलणं कोकणी-मराठीत, असे प्रवासी अधूनमधून समोर येतात. कव्हर बघून तुम्ही फार तर ‘युरोप’ म्हणाल. पोर्तुगाल हे कव्हरवरच्या अक्षरांवरून कळतं, किंवा फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन ओळी असतात, तिथे PRT लिहिलेलं असतं त्यावरून. आपल्या पासपोर्टवर पहिली ओळ P<IND अशी सुरू होते, ब्रिटिश पासपोर्टवर P<GBR अशी. आम्ही काउंटरवर विश्वास ठेवतो तो या ओळींवर.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे पासपोर्ट नवा की जुना याकडे. इथे भारत आणि ब्रिटन शेजारी ठेवून बघा, दोघांचं गणित एकमेकांच्या बरोबर उलटं आहे.

ब्रिटनने १९८८ पासून मरून पासपोर्ट दिले. युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं ठरल्यावर, २०१९ मध्ये कव्हरवरचे ‘युरोपियन युनियन’ हे शब्द काढले, पण रंग तोच ठेवला. शिवाय जुना साठा संपेपर्यंत शब्दवाली पुस्तिकाही निघत राहिली. मग २०२० च्या मार्चपासून निळा, इतका गडद की काउंटरच्या ट्यूबलाइटखाली काळाच वाटतो. (स्वातंत्र्याची खूण म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, त्या पुस्तिका पोलंडमध्ये बनवून घेतल्या.) म्हणजे आज माझ्यासमोर एकाच ब्रिटिश कुटुंबातले तीन वेगळे दिसणारे पासपोर्ट येऊ शकतात, आणि तिन्ही चालतात. पण चिपचं चिन्ह तिन्हींवर आहे, कारण ब्रिटन २००६ पासून चिप घालतोय. तिथे वय कळतं ते रंगावरून. चिन्ह काहीच सांगत नाही.

आपल्याकडे रंग तोच निळा, वर्षानुवर्षं. फरक फक्त चिन्हाचा. मागच्या वर्षी एक काकू आणि त्यांचा मुलगा दोहाला निघाले होते. काकू नागपूरच्या, मुलगा ठाण्यात राहणारा, आयटीतला. दोघांचे पासपोर्ट २०२४ मधले, काही आठवड्यांच्या अंतराने काढलेले. मुलाने दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवले आणि एकदम थबकला. काकूंच्या कव्हरच्या तळाशी सोनेरी चिन्ह, याच्यावर नाही.

“मॅडम, माझा जुन्या पद्धतीचा दिलाय का? यात काही गडबड नाही ना?”

गडबड काहीच नव्हती. भारतात चिपचा पासपोर्ट सामान्य नागरिकांना १ एप्रिल २०२४ पासून चाचणी म्हणून द्यायला सुरुवात झाली, आणि ती सगळीकडे एकदम झाली नाही. सुरुवातीच्या मोजक्या कार्यालयांत नागपूर होतं. ठाणे-मुंबईकडे तेव्हा ते आलंच नव्हतं. पुढे एकेक कार्यालय जोडत गेले. त्यामुळे त्या काळातल्या भारतीय पासपोर्टवर हे चिन्ह दिसलं, तर तो कधी निघाला याइतकंच कुठून निघाला हेही त्यातून कळतं. आणि चिन्ह नसलेला पासपोर्ट त्याच्या मुदतीपर्यंत पूर्ण वैध आहे, घाईने बदलायची गरज नाही. (चिपचा पहिला भारतीय पासपोर्ट मात्र त्याच्याही कितीतरी आधीचा. जून २००८ मध्ये तो राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांना दिला होता, पण तो राजनैतिक प्रकारातला.)

चिन्ह ओळखायचं कसं? आडवा आयत, मधोमध आडवी रेघ, आणि रेघेच्या मध्यावर एक गोल. पहिल्यांदा बघणाऱ्याला छोटा कॅमेराच वाटतो. परदेशातल्या स्वयंचलित गेटांवर हेच चित्र लावलेलं असतं, म्हणजे ‘हे चिन्ह असेल तर या रांगेत या’. ही फक्त ‘आत चिप आहे’ अशी पाटी नाही. आतली चिप ठरलेल्या मानकाप्रमाणे आहे, आणि तिच्यातल्या माहितीवर त्या देशाची डिजिटल सही आहे, असं ते वचन असतं. मलेशियाने १९९८ मध्येच, जगात सगळ्यात आधी, पासपोर्टमध्ये चिप घातली होती. पण तेव्हा हे मानकच ठरलं नव्हतं, त्यामुळे ती चिप इतर देशांच्या गेटांना वाचता येणारी नव्हती.

चिप उघडते कशी, हे कळलं की पुष्कळ शंका मिटतात. यंत्र आधी फोटोच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी डोळ्याने वाचावं तसं वाचतं. त्यातून तीन गोष्टी उचलतं: पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपायची तारीख. या तिघांपासून किल्ली तयार होते आणि ती लागली तरच चिप बोलते. म्हणून ‘बॅगेत बंद असलेल्या पासपोर्टमधली माहिती कोणी शेजारून चोरेल’ ही भीती फारशी खरी नाही. पान उघडून बघितल्याशिवाय किल्लीच मिळत नाही. आत असतं ते बहुतेक छापलेलंच: नाव, क्रमांक, तारखा आणि चेहऱ्याचा फोटो. बोटांचे ठसे ठेवायचे की नाही, हे ज्या त्या देशावर. कोणी छापलेला फोटो बदलला, तर चिपमधला फोटो वेगळा निघतो. चिपमधलाच बदलला, तर सही जुळत नाही. खोटेपणा पकडला जातो तो इथे. सोनेरी शाई तर कोणीही उमटवू शकतो, म्हणून नुसतं चिन्ह दिसलं याला पुरावा म्हणायचं नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे चिप ठणठणीत असूनही न उघडणं. एका काकांच्या पासपोर्टवर पाणी सांडून खालच्या ओळीतले दोन आकडे फिसकटले होते. आमच्या यंत्राने ओळ वाचलीच नाही, मी सगळं हाताने टाइप केलं. पलीकडे उतरल्यावर स्वयंचलित गेटवरही तेच होणार होतं, कारण किल्ली तयार होण्यासाठी तीच ओळ लागते. त्यांना मी सरळ अधिकारी बसतो त्या रांगेत जायला सांगितलं. चिप पूर्ण मेली तरी बहुतेक देशांत पासपोर्ट रद्द होत नाही, फक्त गेट उघडत नाही आणि माणसासमोर उभं राहावं लागतं. ती मरते ती पुस्तिका दुमडून मागच्या खिशात ठेवली, तिच्यावर स्टेपलर मारला किंवा ती कपड्यांबरोबर धुऊन निघाली की.

घरी तपासायचं असेल तर चिपचा पासपोर्ट वाचणारं एखादं विश्वासू ॲप घ्या. ते तुमच्याकडून आधी त्याच तीन गोष्टी मागेल. मग फोनची पाठ पुस्तिकेवर टेकवून सावकाश सरकवा, कारण काही देश चिप कव्हरमध्ये घालतात, काही फोटोच्या जाड प्लॅस्टिकच्या पानात. अंतर काही सेंटिमीटरच चालतं, तेव्हा चामड्याचं कव्हर आधी काढून ठेवा. अमेरिकेचा पासपोर्ट असेल तर तो उघडूनच धरावा लागतो, त्याच्या कव्हरमध्ये धातूची जाळी असते आणि बंद असताना फोनला आतलं काही ऐकू येत नाही.