ओव्हनमधली काचेची डिश ओट्यावर ठेवताच का फुटली? बोरोसिलिकेट आणि साधी काच

प्रश्न (निपाणीहून): "ओटीजीमध्ये 180 अंशांवर केक भाजला आणि काचेची डिश बाहेर काढून कडप्प्याच्या ओट्यावर ठेवली. ओटा नुकताच पुसला होता. दोन-तीन सेकंदांत डिश फाटकन फुटली, बारीक बारीक खडे झाले. खोक्यावर 'ओव्हन-सेफ' लिहिलेलं होतं. मग फुटली कशी? आणि आता दुप्पट पैसे मोजून बोरोसिलिकेटच घ्यावी का?"

ताई, आधी हात आणि पाय नीट बघा. असे खडे फार बारीक असतात आणि ओट्याच्या खालच्या फटीत, पायपुसण्यात अडकून राहतात. केक मात्र टाकूनच द्या, वरून चांगला दिसला तरी.

मी बेळगावात एका कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे काच फुटताना पुष्कळ वेळा पाहिली आहे. तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टींवरून मला बरंचसं कळलं. एक म्हणजे खडे, दुसरी म्हणजे पुसलेला ओटा.

बोरोसिलिकेट फुटली तर सहसा तिला लांब तडा जातो आणि सुरीसारख्या धारेचे मोठे तुकडे पडतात. सगळी डिश एकदम खड्यांत विखुरली, तर ती टेम्पर्ड, म्हणजे तापवून एकदम गार करून कणखर केलेली काच असते, आणि बाजारातल्या टेम्पर्ड बेकिंग डिश बहुतेक सोडा-लाइमच्या असतात. सोडा-लाइम म्हणजे आपली नेहमीची काच, खिडकीची, लोणच्याच्या बरणीची. वाळू, सोडा आणि चुना वितळवून ती करतात. बोरोसिलिकेटमध्ये सोडा फार कमी, साधारण 4 टक्के, आणि त्याच्या जोडीला बोरॉनचं ऑक्साइड 12-13 टक्के असतं. बाकी बहुतेक वाळूच.

आता फुटण्याचं कारण. 180 अंशांची उष्णता कुठल्याच काचेला फोडत नाही. सोडा-लाइम काच मऊ पडायलासुद्धा 700 अंशांच्या पुढे जावं लागतं. काच फुटते ती तिच्याच दोन भागांमधल्या तापमानाच्या फरकामुळे. ती उष्णता फार हळू वाहून नेते. स्टीलचं पातेलं खालून गार केलं की थोड्या वेळात सगळं गार होतं. काचेचा तळ गार झाला तरी दोन-तीन मिलिमीटर वरची काच अजून तशीच तापलेली असते. गार झालेला थर आकसू बघतो, वरची गरम काच त्याला आकसू देत नाही, आणि तो थर ताणला जातो. काचेला दाबलेलं भरपूर सोसतं, ताणलेलं सोसत नाही. ताणलेल्या पृष्ठभागावर एखादा ओरखडा असला की सगळा ताण त्याच्या टोकाशी जमतो, आणि तडा तिथून सुरू होऊन क्षणात पार होतो.

इथेच दोन काचांमधला खरा फरक आहे. 30 सेंटिमीटर लांबीची सोडा-लाइम डिश 100 अंशांनी गार झाली तर ती सुमारे 0.27 मिलिमीटर आकसते. बोरोसिलिकेटची तेवढीच डिश 0.1 मिलिमीटर. आकडे डोळ्यांना दिसणारे नाहीत, पण एकास पावणेतीन असं हे प्रमाण आहे, आणि पृष्ठभागावर पडणारा ताणही जवळपास त्याच प्रमाणात कमी-जास्त होतो. घरात वापरलेल्या, थोडेफार ओरखडे असलेल्या साध्या काचेच्या पृष्ठभागाचं तापमान एकदम सुमारे 50 अंशांनी उतरलं की ती धोक्यात येते. बोरोसिलिकेट 150 च्या आसपासपर्यंत तग धरते. हे ढोबळ आकडे आहेत. जाड काच आणि जुने ओरखडे असले तर दोन्ही खाली येतात.

तुमच्या डिशचा हिशेब मांडू. डिश 180 अंशांवर, ओटा थंडीच्या दिवसांतला, म्हणजे 20 धरा. काच आणि दगड अगदी चिकटून बसले, तर जिथे ते टेकतात तिथलं तापमान दोघांच्या बरोबर मध्ये येत नाही. दगड उष्णता जास्त जोरात ओढतो, म्हणून ते 80 अंशांच्या जवळ येतं. काचेचा तळ एका झटक्यात 100 अंशांनी उतरला. तीच डिश लाकडी पाटावर ठेवली असती तर टेकल्या जागी साधारण 145 राहिले असते, म्हणजे फक्त 35 अंशांचा उतार. लाकूड उष्णता फार हळू ओढून घेतं.

पण डिश कोरड्या कडप्प्यावर कधीच पूर्ण टेकत नाही. तळ थोडा खडबडीत असतो, दगडही असतो, मध्ये हवेचा पातळ थर राहतो आणि हवा उष्णता अडवते. म्हणून अनेकजणी वर्षानुवर्षं कोरड्या ओट्यावर गरम काच ठेवतात आणि काही होत नाही. तुमचा ओटा नुकताच पुसलेला होता. पाण्याने त्या सगळ्या फटी भरून काढल्या, शिवाय त्या पाण्याची वाफ होताना ते आणखी उष्णता ओढून घेतं. ओल्या फडक्याने डिश धरणं, गरम डिशवर नळाचं पाणी सोडणं, भाजता भाजता कोरडं पडलं म्हणून फ्रिजमधलं दूध ओतणं, हे सगळे एकाच जातीचे धोके आहेत. प्रयोगशाळेत बर्नरवरून उतरवलेलं बीकर मुलं ओल्या टेबलावर टेकवायची आणि तळाची गोल चकती सुटून यायची. ते बीकर बोरोसिलिकेटचं असूनही! म्हणून आम्ही ते आधी तारेच्या जाळीवर उतरवायला सांगायचो.

मग खोक्यावरचं 'ओव्हन-सेफ' खोटं होतं का? खोटं नव्हतं, अपुरं होतं. टेम्पर्ड काच करताना ती तापवून दोन्ही बाजूंनी हवेच्या झोताने एकदम गार करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो, आणि बाहेरच्या थरावर कायमचा दाब बसतो. उष्णतेच्या धक्क्याने येणाऱ्या ताणाला आधी हा दाब संपवावा लागतो, म्हणून साध्या काचेपेक्षा ती बरंच जास्त सोसते. मात्र हा दाबाखालचा थर पातळ असतो. 5 मिलिमीटर जाडीच्या काचेत दोन्हीकडे साधारण एकेक मिलिमीटर, आणि मधला गाभा ताणलेला. डिशच्या कोपऱ्यांत आणि कानांशी हा थर सगळीकडे सारखा बसेलच असं नाही. तडा एकदा त्या गाभ्यात पोचला की आतला सगळा ताण मोकळा होतो आणि तुम्ही पाहिले तसे खडे होतात.

तो थर खराब करणारी गोष्ट बहुतेक घरांत मोरीजवळच असते. तारेची घासणी. आपल्याकडे खेड्यांत अजून राखेनेही भांडी घासतात, त्या राखेत वाळूचे कण असतात. डिशला लागलेली खरवड स्टीलच्या उलथन्याने काढणं त्याहून वाईट. नखाला लागेल इतका खोल ओरखडा दिसला की ती डिश ओव्हनमधून बाद करा आणि कोशिंबिरीला वापरा. हे दोन्ही काचांना लागू आहे.

घ्यायची कुठली? ओटीजीत नियमित भाजत असाल तर माझं मत स्पष्ट आहे, बोरोसिलिकेट घ्या. तिचं संरक्षण काचेच्या घडणीतच आहे, वरच्या थरावर अवलंबून नाही. टेम्पर्डची बाजूही सांगायला हवी. हातातून निसटली किंवा नळावर आपटली तर ती बोरोसिलिकेटपेक्षा जास्त तग धरते. नुसतं वाढायला, फ्रिजमध्ये ठेवायला, लहान मुलांच्या घरात, तीच बरी आणि स्वस्तही. गरम ओव्हनच्या दाराशी मात्र मला तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

नावावर जाऊ नका. अमेरिकेत 1915 मध्ये पायरेक्स बाजारात आली तेव्हा ती बोरोसिलिकेट होती. आज तिथे त्या नावाने घरगुती वापराची जी भांडी विकली जातात ती टेम्पर्ड सोडा-लाइमची आहेत. परदेशातून कुणी आणून दिली म्हणून ती बोरोसिलिकेटच असेल असं नाही. बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत घ्याल तर खोक्यावर 'बोरोसिलिकेट' हा शब्दच शोधा. 'टफन्ड', 'टेम्पर्ड', 'हीट रेझिस्टंट' एवढंच असेल तर ती साधी काच समजा. डिशची कड आडवी धरून बघा, हिरवट झाक दिसली तर बहुधा सोडा-लाइम. फिकट किंवा रंगहीन कडेवरून मात्र काहीच ठरत नाही.

घरी खात्रीने ओळखायचा उपाय तेलाचा. बोरोसिलिकेट काच प्रकाश जितका वाकवते, जवळजवळ तितकाच आपलं सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं तेल वाकवतं. त्यामुळे ती काच तेलात बुडली की तिच्या कडा जवळजवळ दिसेनाशा होतात. सोडा-लाइम प्रकाश जास्त वाकवते, ती तेलातही स्पष्ट दिसते. तुमच्याकडे तुकडे आहेतच. पकडीने एक मोठासा खडा उचला, काचेच्या पेल्यात रिफाइंड तेल घेऊन त्यात सोडा आणि उजेडासमोर धरून बाजूने बघा. घाण्याचं तेल पिवळं असतं, त्यात नीट कळत नाही. खडा ठळक दिसला तर माझा अंदाज बरोबर. तेल आणि पेला दोन्ही नंतर स्वयंपाकात वापरू नका. नवी डिश आणली की तिचा कान धुऊन, पुसून, असाच तेलात बुडवून बघा.

बोरोसिलिकेट आली तरी फ्रीझरमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको. उणे 18 ते अधिक 200 म्हणजे 218 अंशांची उडी होते. हवा काच हळू तापवते म्हणून कधी कधी निभावतं, पण छोट्या ओटीजीत खालची सळई डिशच्या अगदी जवळ असते आणि तळाचा एक पट्टाच भाजून काढते. डिश मधल्या जाळीवर ठेवा, वरची सळई लाल करून ग्रिल करायचं असेल तेव्हा स्टील किंवा ॲल्युमिनियमचं भांडं घ्या, आणि गॅसच्या ज्योतीवर काच कधीच नको. ओव्हन उघडण्याआधी ओट्यावर कोरड्या जाड कापडाची चुंबळ किंवा लाकडी पाट मांडून ठेवा. डिश हातात आल्यावर जागा शोधत बसलं की ती ओल्या दगडावर टेकते.