गव्हर्नर ८० वर, ट्रॅकरमध्ये ८८: खोटं कोण बोलतंय?

प्रश्न: "माझी १७ सीटर आहे, टुरिस्ट परमिट. गव्हर्नर ८० वर सील केलेला. मंगळवारच्या ट्रॅकिंग रिपोर्टात रात्री १ वाजून ४ मिनिटांनी ८८ चा वेग दाखवतोय, पण तेव्हा गाडी तुळजापुरात भक्त निवासापाशी उभी होती. ड्रायव्हर खोटं बोलतोय की यंत्र? खाली रिपोर्टातली ओळ देतोय."

ड्रायव्हरला अजून काही बोलला नसाल तर बरं. आधी तुमची ओळ वाचू. गाडीचा नंबर वगैरे सोडून कामाचा तुकडा एवढाच:

```
1,12112024,010412,17.988120,N,76.061540,E,88.0,205,11,571.0
```

पहिला 1 म्हणजे उपग्रहांवरून जागा नीट पकडलेली होती. मग तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, गाडीच्या तोंडाची दिशा, दिसत असलेले उपग्रह आणि शेवटी समुद्रसपाटीपासूनची उंची.

गोम वेळेत आहे. एआयएस-१४० मानकाचं ट्रॅकिंग यंत्र आपल्या घड्याळाची वेळ लिहीत नाही, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहितं. त्यात साडेपाच तास मिळवा: 010412 म्हणजे सकाळचे ६ वाजून ३४ मिनिटं. पडद्यावर ही भर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर आपणच घालतं, पण कच्ची फाइल काढली की असा गोंधळ होतो. आपल्याकडे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या ओळींवर तर तारीखही आदल्या दिवसाची पडते. म्हणजे तुमची गाडी रात्री उभीच होती. सकाळी दर्शन उरकून सोलापूरकडे निघाली आणि घाट उतरत होती. दिशा २०५, म्हणजे दक्षिणेकडून जराशी पश्चिमेला, तीही जुळते.

राहिला ८८ चा प्रश्न. गव्हर्नर आणि ट्रॅकर एकमेकांशी बोलत नाहीत, हे आपल्यातल्या बऱ्याच मालकांच्या लक्षात येत नाही. गव्हर्नर गाडीच्या स्पीड सेन्सरवरून वेग मोजतो आणि ८० आला की ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिनाला जास्त डिझेल मिळू देत नाही. तेवढंच त्याचं काम, ब्रेक तो लावत नाही. उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने पळते, आणि ड्रायव्हरने डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलं असेल तर गव्हर्नरला रोखायला काही उरतच नाही. ट्रॅकर मात्र उपग्रहांवरून वेग काढतो, त्याला गिअर कळत नाही, पॅडल कळत नाही. त्यामुळे न्यूट्रल होतं की नाही हे तुम्हाला रिपोर्टात सापडणार नाही, ते ड्रायव्हरलाच विचारावं लागेल.

उताराचाच वेग आहे हे कसं ओळखायचं? त्या ओळीच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा-बारा ओळी काढा. वेग ७०, ७६, ८३ असा न अडखळता चढत गेला आणि उंची सोबत उतरत गेली, मग सपाटीला लागताच वेग ८० च्या आत आला, तर तो घाटच. एखादीच ओळ ८८ ची, मागेपुढे ४० आणि शेजारी उपग्रह चार-पाचच, असं असेल तर ती उपग्रहाची उडी समजा. तुमच्या ओळीत ११ उपग्रह आहेत, म्हणून मला ती उडी वाटत नाही.

तरी शंका असेल तर पुणे रोडला मोहोळच्या बाजूला सपाट, मोकळा रस्ता बघून पॅडल पूर्ण दाबून दोन-तीन किलोमीटर चालवा आणि त्याच वेळच्या ओळी बघा. ८० च्या आसपास थांबला तर गव्हर्नर ठीक. ८४ ला स्थिर राहिला तर आधी टायर बघा. माझ्या एका गाडीला फिटरने मापापेक्षा मोठे टायर चढवले होते. चाक पाच टक्के मोठं झालं की सेन्सरला ८० वाटतं तेव्हा गाडी खरी ८४ ने धावत असते. सील शाबूत आणि तरी वेग जास्त, असं मी महिनाभर शोधत बसलो होतो. आणि सपाटीवर ९५ गाठला, तर मात्र कुणीतरी वायरिंगला हात लावलाय.

ट्रॅकरचीच वायर ओढली तर ते लपत नाही. मुख्य बॅटरी तुटल्याचा इशारा लगेच जातो आणि आतल्या बॅटरीवर यंत्र निदान चार तास चालू राहतं. झाकण उघडलं तरी वेगळी नोंद होते. रेंज नसेल तेव्हाच्या ओळी आत साठतात आणि नंतर H असा शिक्का घेऊन जातात. थेट गेलेल्यांवर L असतो. म्हणून मोबाइलवर गाडी अर्धा तास एकाच जागी दिसली तर ड्रायव्हर चहाला थांबला असं लगेच धरू नका, H च्या ओळी येऊ द्या.

ड्रायव्हरशी बोलाल तेव्हा ८८ चा आकडा पुढे करू नका. घाटात कोणता गिअर होता, एवढंच विचारा.