तोंडी हिबा, बांद्याचं घर आणि ताब्याचा प्रश्न

प्रश्न: आम्ही म्हापशाला राहतो. माझ्या आईचं बांद्याला घर आहे, पुढची खोली एका दुकानाला भाड्याने दिलीय. आईने दोन महिन्यांपूर्वी मामा आणि शेजाऱ्यांसमोर ते घर मला तोंडी हिबा केलं, म्हणजे बक्षीस म्हणून देऊन टाकलं. भाऊ म्हणतो, रजिस्टर केलं नाही म्हणजे काहीच झालं नाही, आणि गोव्यात तर हिबा चालतच नाही. खरं काय?

उत्तर:

ताई, भाऊ म्हणतो त्यातली एकही गोष्ट या घराला लागत नाही. तरीही तुमचा हिबा पुरा झाला असं मी सांगणार नाही, कारण खरी अडचण तिसरीच आहे आणि ती अजून तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. मी म्हापसा आणि सावंतवाडी दोन्हीकडे दिवाणी कामं करतो. सीमेच्या अलीकडे माहेर आणि पलीकडे सासर अशी घरं इथे पुष्कळ, त्यामुळे हा घोळ माझ्या ओळखीचा आहे.

आधी गोव्याचं बघू. भाऊ हे हवेत बोलत नाही. मुसलमानांना त्यांचा स्वतःचा कायदा लावणारा १९३७ चा शरीयत कायदा गोव्यात लागू केलेला नाही. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा चालत आली आणि ती हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना सारखी. हेच घर म्हापशात असतं आणि आई गोव्याचीच असती, तर चार माणसांसमोर बोलून काही झालं नसतं, नोंदवलेला दस्तच करावा लागला असता. पण घर सिंधुदुर्गात आहे, आईचं बिऱ्हाड बांद्यालाच आहे असं मी धरून चालतो, आणि देणारी ती आहे. तुम्ही म्हापशाला राहता याने तिचा कायदा बदलत नाही. मात्र आई कायमची तुमच्याकडे राहायला आली असेल तर हे उत्तर इथेच थांबवून आधी वकिलाला भेटा. गोव्याच्या रहिवाशाची राज्याबाहेरची मालमत्तासुद्धा वारसाच्या बाबतीत गोव्याच्या कायद्याने चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे, आणि मग मुलाचा राखीव हिस्सा वगैरे प्रश्न उभे राहतात.

आता नोंदणी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२३ म्हणतं की स्थावर मिळकतीचं बक्षीस नोंदवलेल्या दस्तानेच होतं. पण त्याच कायद्यातल्या बक्षिसांच्या प्रकरणाच्या शेवटी कलम १२९ आहे, आणि ते मुस्लिम कायद्याच्या हिब्याला या नियमातून बाहेर ठेवतं. २०११ मध्ये हफीजा बीबी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. हिबा कागदावर लिहिला तरी केवळ लिहिला म्हणून तो नोंदवणं सक्तीचं होत नाही. म्हणजे नोंदणी नाही एवढ्या कारणाने तुमचा हिबा पडणार नाही.

तो पडला तर ताब्यावरून पडेल. हिब्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने आत्ता, या क्षणी दिलं असं स्पष्ट म्हणायचं, घेणाऱ्याने कबूल म्हणायचं, आणि ताबा द्यायचा. पहिल्या दोन गोष्टी मामांसमोर झाल्या असाव्यात. पण आईने नेमके कोणते शब्द वापरले ते मामांना विचारा. "हे घर मी तुला दिलं" हा हिबा. "माझ्या पश्चात हे घर तुझं" हा हिबाच नव्हे, ते मृत्युपत्रासारखं बोलणं झालं, आणि वारसाच्या बाजूने केलेलं मृत्युपत्र सुन्नी कायद्यात बाकीच्या वारसांनी आईच्या पश्चात संमती दिल्याशिवाय चालत नाही. तिथे भावाची सही लागेल. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी "माझ्या मागे" हे शब्द सहज येतात, आणि पुढे साक्षीदार कोर्टात तेच शब्द प्रामाणिकपणे सांगतात.

तिसरी गोष्ट मी तुमच्या प्रश्नात शोधली, मला सापडली नाही. हिबा झाल्यावर आई त्याच घरात राहिली, तुम्ही म्हापशाला परत आलात, दुकानाचं भाडं आईच घेतेय, घरपट्टी आईच्या नावाने येतेय. असंच असेल तर बांद्यात त्या दिवशी बदललं तरी काय? आई-मुलगी किंवा नवरा-बायको एकाच घरात एकत्र राहत असतील तर देणाऱ्याने सामान उचलून बाहेर पडायची गरज नसते, मालकी सोडल्याची ठळक कृती पुरते. ही सवलत तुम्हाला सहज मिळणार नाही, कारण तुम्ही त्या घरात राहतच नव्हता.

एक प्रकरण सांगतो, माणसांची ओळख पटणार नाही इतपत. वडिलांनी दोन खोल्यांचं घर लग्न झालेल्या मुलीला तोंडी दिलं, दहा-बारा माणसं हजर होती, पेढे वाटले. वडील पुढे सहा वर्षं जगले. एका खोलीत भाडेकरू होता आणि त्या सहा वर्षांतली एकूण एक भाडेपावती वडिलांच्या सहीची निघाली. मुलीच्या बाजूने मीच उभा होतो. साक्षीदार चांगले बोलले, हिबा झाला हे कोणी नाकारलंही नाही. समोरच्या वकिलाने फक्त पावत्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. आम्ही हरलो आणि घर सगळ्या वारसांत वाटलं गेलं. वडिलांची इच्छा काय होती हे त्या गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मला अजून वाईट वाटतं. एक पावतीपुस्तक मुलीच्या नावाने छापून घेतलं असतं तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलबुर्गीकडच्या शेतजमिनीच्या खटल्यात हाच धागा धरला. तोंडी हिबा १९८८ चा म्हणून सांगितला होता, दावा २०१३ मध्ये आला. न्यायालयाने तोंडी हिबा चालतो हे मान्य ठेवलं, पण त्या काळातला ताब्याचा पुरावा मागितला आणि तो मिळाला नाही.

तुमचं नशीब हे की आई हयात आहे आणि तिची इच्छा कायम आहे, तेव्हा राहिलेलं आत्ता पुरं करता येतं. आईला घेऊन बांद्याला जा. तिने किल्ल्या तुमच्या हातात द्याव्यात, तुम्ही कुलूप उघडून आत राहावं, तिने काही दिवस मामांकडे किंवा तुमच्याकडे राहावं. पुढे ती परत त्याच घरात राहिली तरी चालेल, पण ती तुमच्या परवानगीने राहतेय हे कुठेतरी लिहिलेलं असू द्या. दुकानदाराला आईच्या सहीचं पत्र द्या की आजपासून मालक मुलगी, भाडं तिला द्यावं. त्याची पोच घ्या. भाड्याने दिलेल्या भागाचा ताबा असाच देता येतो, दुकानदाराला उठवायची गरज नाही.

मग नोंदणी. ती सक्तीची नसताना मी का सांगतो? आज आईने दिलेलं घर उद्या तिच्या सहीने कोणाला विकलं गेलं, तर घेणारा सूची क्रमांक दोन, म्हणजे निबंधक कार्यालयातली नोंदवलेल्या दस्तांची यादी बघतो. तिथे तुमचं नाव नसेल तर "मला काय माहीत" म्हणायला तो मोकळा. बँक तोंडी हिब्यावर कर्ज देताना मागेपुढे बघते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दुय्यम निबंधकासमोर आई स्वतः कबुली देते, तिचा फोटो आणि अंगठा दस्तावर येतो. वीस वर्षांनी मामा नसतील, शेजारी नसतील, तो दस्त असेल.

बांद्याच्या घराचा दस्त सावंतवाडीला नोंदवता येईल. महाराष्ट्रात राहतं घर मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि हाताळणीचा खर्च. मात्र ही सवलत राहत्या घराला आणि शेतजमिनीला आहे. तुमच्या पुढच्या खोलीत दुकान आहे, तेवढ्या भागावर जास्त शुल्क निघू शकतं. मूल्यांकन आधी करून घ्या आणि दुकान लपवू नका. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करावा लागतो.

दस्तात काय लिहायचं यावर मी अडून बसतो. दोन महिन्यांपूर्वी ताबा दिला नव्हता तर "त्याच दिवशी ताबा दिला" असं लिहू नका, उलटतपासणीत भाडेपावती लगेच ते खोटं पाडते. तोंडी हिबा अमुक तारखेला अमुक माणसांसमोर झाला आणि प्रत्यक्ष ताबा आज दिला, असं खरं लिहा. कारण नोंदवलेला दस्तसुद्धा न दिलेल्या ताब्याची जागा भरून काढत नाही. कपाटात नोंदवलेलं बक्षीसपत्र आणि घर मात्र आईच्याच कब्जात, अशी प्रकरणंही पडलेली आहेत. दस्तानंतर ग्रामपंचायतीत असेसमेंटला नाव लावून घ्या, घरपट्टी आणि वीजबिल तुमच्या नावाने येऊ द्या. नाव लागल्याने मालकी मिळत नाही, पण ताबा कोणाकडे होता हे त्याने दिसतं.

आणखी एक गोष्ट, दस्त लिहायच्या आधी तपासायची. घर खरंच आईच्या एकटीचं आहे का? पुष्कळदा वडील वारल्यावर ग्रामपंचायतीत विधवेचं नाव लागतं आणि सगळे तिलाच मालक समजतात. घर वडिलांचं असेल, मागे आई, एक मुलगा आणि एक मुलगी असतील, तर सुन्नी कायद्याने आईचा वाटा एक अष्टमांश. २४ भाग धरले तर आईचे ३, भावाचे १४ आणि तुमचे ७. आई तिचे ३ देऊ शकते, मग तुमचे १० होतील. भावाचे १४ तिला देता येत नाहीत, त्याचा राग कदाचित तिथूनच आला असेल. खरेदीखत काढा आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा. आईचंच असेल तर या आठवड्यात दुकानदाराचं पत्र आणि नवीन पावतीपुस्तक एवढं तरी करून ठेवा. दस्ताची तारीख ठरेपर्यंत पहिलं भाडं तुमच्या खात्यात आलेलं असेल.