अर्धवट कामामुळे थांबवलेला हप्ता: कॉन्ट्रॅक्टरला मेसेज कसा लिहावा?

प्रश्न: दोन बाथरूमचं काम दिलंय. करारात तिसरा टप्पा असा आहे: ‘दोन्ही बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, पाणी चाचणी, टाइल्स व ग्राउट पूर्ण, २५ टक्के’. पहिलं बाथरूम झालं, दुसरं अर्धवट आहे, म्हणून हप्ता थांबवलाय. तो रोज फोन करतो. मी हा मेसेज लिहिलाय, पण रागाचा वाटतोय. मुद्देसूद कसा करू?
‘तुम्ही आम्हाला फसवताय. काम थर्ड क्लास आहे. खिडकीच्या टाइल्स नाहीत, पाणी साचतं, ग्राउट नाही, कमोड अजून खोक्यात आहे, माणसं वाटेल तेव्हा येतात. सगळं काम झाल्याशिवाय एक पैसा मिळणार नाही.’

उत्तर:

मी बरीच वर्षं साइटवर मोजमापं आणि बिलं तपासायचं काम करतो. असले मेसेज दोन्ही बाजूंचे वाचलेत. तुमच्या मेसेजमध्ये कामाच्या चार गोष्टी आहेत, पण त्या ‘फसवताय’ आणि ‘एक पैसा’ यांच्यामध्ये चेपल्या गेल्यात. कॉन्ट्रॅक्टर पहिली आणि शेवटची ओळ वाचेल, चिडेल आणि उत्तरात ‘तुमच्यासारखे ग्राहक’ यावर बोलेल. टाइल्स तिथेच राहतील.

आधी कमोड काढून टाका. तुम्हीच दिलेल्या वाक्यात तिसऱ्या टप्प्यात कमोड बसवणं नाहीच. ते पुढच्या टप्प्यात येत असणार. आपल्या यादीत एक जरी चुकीची गोष्ट असली, तरी समोरचा नेमकी तीच पकडतो आणि बाकीच्या तीन बरोबर गोष्टी बाजूला पडतात. ‘सगळं काम झाल्याशिवाय’ हेही त्याच कारणानं जातं. हप्ता टप्प्याचा आहे, सगळ्या कामाचा नाही. माणसांच्या येण्याजाण्याबद्दल वेगळं बोला, हप्त्याशी त्याचा संबंध जोडू नका.

‘पाणी साचतं’ हे मात्र नीट मांडायला हवं, कारण सगळ्यात महाग गोष्ट तीच आहे. दाराजवळ बादलीभर पाणी ओता आणि घड्याळ लावून बघा. अर्ध्या तासानं कुठे, किती लांबीरुंदीचं डबकं उरतं ते टेपनं मोजून व्हिडिओ काढा. उरलेला पातळ ओलावा म्हणजे दोष नव्हे. बोट बुडेल असं पाणी कोपऱ्यात राहिलं, तर ढाळ जाळीकडे नाही.

आता क्रमाची गोष्ट, आणि इथेच बहुतेक जण फसतात. ढाळ दुरुस्त करायचा तर त्या कोपऱ्यातल्या टाइल्स उचलाव्या लागतात, आणि उचलताना खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराला धक्का लागू शकतो. म्हणून आधी ढाळ, मग चाचणी, मग ग्राउट. तुम्ही नुसतं ‘ग्राउट करा आणि चाचणी करा’ असं लिहिलंत, तर तो उद्या ग्राउट भरेल, परवा चाचणी दाखवेल आणि त्यानंतर टाइल्स उखडेल. चाचणी फुकट जाईल. खरं तर ती टाइल्स बसवण्याआधीच व्हायला हवी होती, कारण तेव्हा गळती कुठून आहे ते सापडतं. आता गळती आहे की नाही एवढंच कळेल.

चाचणी कशी करायची हेही लिहूनच टाका. जाळी बंद करायची, उंबऱ्याला आडवा बांध घालायचा, सर्वात उंच कोपऱ्यातही इंचभर पाणी उभं राहील एवढं भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. पाण्याची पातळी थोडी बाष्पीभवनानंही उतरते. म्हणून शेजारी पाण्याची एक बादली ठेवून तिच्यावरही खूण करायची. बादलीपेक्षा जमिनीवरचं पाणी स्पष्टपणे जास्त उतरलं, किंवा खालच्या छताला ओल आली, तर गळती आहे.

पहिलं बाथरूम पूर्ण आहे, मग सगळाच हप्ता अडवून ठेवणं मला तरी पटत नाही. करारात प्रत्येक बाथरूमची रक्कम वेगळी तोडून दिलेली नसेल तर तुम्ही बांधील नाही, हे खरं. पण उरलेल्या कामाच्या मानानं अडवलेली रक्कम फारच मोठी झाली, की कॉन्ट्रॅक्टर माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो. माझ्या स्वतःच्या घरी मी एका दाराच्या कडीसाठी अख्खा हप्ता धरून बसलो होतो. तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. कडी शेवटी मीच लावली. निम्मी रक्कम द्या, पण ती त्याच हप्त्यापोटी दिली आणि टप्पा अजून पूर्ण झालेला नाही, हे लिहून द्या.

आणि तुमच्याकडून काही उशीर झाला असेल, खिडकीच्या टाइल्स कोणत्या हे उशिरा कळवलं वगैरे, तर ते आपणहून लिहा. तो काढण्याआधी तुम्ही लिहिलेलं बरं. खालच्या मसुद्यात मी तसं एक वाक्य धरलंय. लागू नसेल तर काढा. तारखा आणि मापंही नमुन्याची आहेत, तुमची घाला.

> नमस्कार.
>
> कराराप्रमाणे तिसरा हप्ता (२५ टक्के) दोन्ही बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, पाणी चाचणी, टाइल्स आणि ग्राउट पूर्ण झाल्यावर द्यायचा आहे. पहिल्या बाथरूमचं हे काम पूर्ण झालं आहे. शनिवारी ४ तारखेला दुसरं बाथरूम पाहिलं, तेव्हा खालील कामं बाकी होती. ती याच क्रमानं व्हावीत.
>
> १. दारामागच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतल्यानंतर अर्ध्या तासानंही सुमारे ४० बाय २५ सेंटिमीटर जागेत पाणी साचून होतं (व्हिडिओ सोबत). ढाळ जाळीकडे करून द्यावा.
> २. खिडकीभोवतीच्या ११ टाइल्स बसवायच्या आहेत (फोटो सोबत). या टाइल्सची निवड आमच्याकडून पाच दिवस उशिरा कळवली गेली. तेवढे दिवस मुदतीत वाढवून धरावेत.
> ३. ढाळाचं काम झाल्यावर ४८ तासांची पाणी चाचणी घ्यावी. भरताना आणि संपताना आम्ही हजर राहू.
> ४. चाचणी ठीक निघाल्यावर जमीन वाळू देऊन ग्राउट भरावं.
>
> पहिल्या बाथरूमचं काम लक्षात घेऊन हप्त्याची निम्मी रक्कम आज पाठवत आहे. ती तिसऱ्या हप्त्यापोटी आहे. टप्पा अजून पूर्ण झालेला नाही. वरील चार कामं झाल्यावर आपण दोघं मिळून पाहणी करू, आणि त्यानंतर दोन दिवसांत उरलेली रक्कम देईन.
>
> काम कोणत्या तारखेला सुरू होईल आणि कधी संपेल, ते बुधवारपर्यंत कळवावं. यातला एखादा मुद्दा मान्य नसेल, तर कोणता आणि का, तेही लिहून कळवावं.

यात ‘थांबवला’ हा शब्द कुठेच नाही, ते मुद्दाम. तुम्ही पैसे अडवले असं म्हटलं की वाद तुमच्या वागण्यावर जातो. अट पूर्ण झाली नाही म्हटलं की चर्चा कामावर राहते. पुढेमागे हा मेसेज तिसऱ्या कुणी वाचला, मध्यस्थानं म्हणा किंवा वकिलानं, तर त्याला साइट न बघताही काय बाकी आहे ते कळलं पाहिजे.

पाठवल्यावर त्याचा फोन येईलच. उचला, शांतपणे बोला, आणि ठेवल्याबरोबर दोन ओळी टाका: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे, ढाळाचं काम सोमवारी सुरू होईल.’ तो फोनवर म्हणाला असेल की कोपऱ्यातलं पाणी ‘पुसून घेतलं की झालं’, तर तेही त्याच्याच शब्दांत लिहा.