दोन रकान्यांचे इतिवृत्त: मराठी खरे की इंग्रजी?

प्रश्न: आमच्या गृहनिर्माण संस्थेत निम्मे सभासद अमराठी आहेत. इतिवृत्त डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असे लिहितो. दोन्हींत फरक निघाला तर कुठले धरायचे?

उत्तर: सभेत ठराव ज्या भाषेत वाचून मताला टाकला, ते धरा. सभासदांनी हात वर केले ते त्या शब्दांना. दुसरा रकाना नंतर सचिवांनी घरी बसून लिहिलेला अनुवाद असतो. उपनिबंधक कार्यालयाचा कारभार मराठीत चालतो, त्यामुळे बहुतेक संस्थांना मराठीच सोयीचे. पण मग ठरावही सभेत मराठीतच वाचा. तो इंग्रजीत वाचायचा आणि प्रमाण मराठी म्हणायचे, हे टिकणार नाही. ‘दोन्ही समान प्रमाण’ असे तर लिहूच नका. भांडण लागले की त्यातून काहीच ठरत नाही.

एकदा सर्वसाधारण सभेत तसा ठराव करून घ्या आणि प्रत्येक इतिवृत्ताच्या डोक्यावर एक ओळ टाका: ‘ठराव मराठीत मांडले व संमत झाले, इंग्रजी मजकूर माहितीसाठी, फरक आढळल्यास मराठी मजकूर ग्राह्य.’ हीच ओळ इंग्रजी रकान्यातही हवी, कारण ज्याला ती कळायला हवी तो डावीकडे बघतच नाही.

आता या ओळीची मर्यादा. समजा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव मराठीत ‘सर्व करांसह ८,४०,००० रुपये’ असा आहे आणि इंग्रजीत ‘अधिक जीएसटी’ पडले. सचिवांनी फक्त इंग्रजी उतारा ठेकेदाराला दिला आणि त्यावरूनच वर्क ऑर्डर निघाली. ठेकेदार १८ टक्के लावून ९,९१,२०० चे बिल देतो. सभासदांपुढे मराठी ठराव ग्राह्य, म्हणून वरचे १,५१,२०० कोणाच्या मंजुरीने द्यायचे हा प्रश्न समितीच्या गळ्यात. ठेकेदार मात्र सही झालेली वर्क ऑर्डर पुढे करणार, आणि तुमची ती ओळ त्याने पाहिलेलीच नाही. म्हणून बाहेर जाणारा उतारा नेहमी दोन्ही रकान्यांचा द्या, त्या ओळीसकट.

त्याहून चांगले म्हणजे रक्कम दोनदा लिहायचीच नाही. तक्त्यात एका ठरावाला एक आडवी ओळ ठेवा, म्हणजे दोन्ही मजकूर समोरासमोर येतात. त्याखाली दोन्ही रकाने जोडून एक सामाईक पट्टी करा. रक्कम, कर आत की वेगळे, तारखा, सूचक-अनुमोदक, बाजूने आणि विरोधात किती मते, हे तिथेच एकदा, दोन भाषांतली लेबले लावून. वाद बहुधा याच गोष्टींवर होतात, आणि एकदाच लिहिलेल्या आकड्यात फरक पडायला जागा नाही.

इतिवृत्त कायम करण्याआधी फरक सापडला तर पुढच्या सभेत वाचून दुरुस्त करा: चुकीच्या शब्दांवर एकच रेघ, शेजारी बरोबर मजकूर, अध्यक्ष व सचिवांच्या छोट्या सह्या. व्हाइटनर नको. इतिवृत्त कायम झाल्यावर सापडला तर जुन्या पानाला हात न लावता दुरुस्तीचा वेगळा ठराव करा, आणि ज्यांना जुना उतारा गेला असेल त्यांना नवा पाठवून पोच घ्या.