युवा संसदेत ‘पीठासीन अधिकारी’ की ‘अध्यक्ष’?

“आमच्या कॉलेजात युवा संसद आहे, लोकसभेच्या धर्तीवर. सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. ‘आजच्या सत्राच्या पीठासीन अधिकारी कु. अमुक यांची ओळख करून देतो आणि रूल्स सांगतो’ हे बरोबर आहे का? की अध्यक्ष किंवा सभापती म्हणायचं?”

लोकसभा असेल तर ‘अध्यक्ष’ म्हणा. राज्यसभेची नक्कल असती तर ‘सभापती’ म्हणावं लागलं असतं. आपल्या विधिमंडळातही हाच भेद आहे: विधानसभेचे अध्यक्ष, विधान परिषदेचे सभापती. गोव्यात मात्र विधानसभेच्या प्रमुखालाच सभापती म्हणतात, त्यामुळे तिकडची मराठी वर्तमानपत्रं वाचून गोंधळून जाऊ नका.

‘पीठासीन अधिकारी’ हा शब्द चुकीचा नाही, पण तो सगळ्यांना एकत्र उद्देशून वापरायचा शब्द आहे. देशभरातल्या अध्यक्ष-सभापतींची परिषद भरते, ती पीठासीन अधिकाऱ्यांची. सभागृहात उभं राहून मात्र कोणी ‘पीठासीन अधिकारी महोदय’ म्हणत नाही. ‘अध्यक्ष महोदय’ म्हणतात, आपल्या विधानसभेत जुन्या वळणाचे सदस्य ‘अध्यक्ष महाराज’ही म्हणत. हिंदीत मतदान केंद्रावरच्या प्रमुखालाही पीठासीन अधिकारी म्हणतात. मराठीत त्याला ‘मतदान केंद्राध्यक्ष’ हा स्वतंत्र शब्द आहे. कॉलेजांच्या पत्रिकांवर ‘पीठासीन अधिकारी’ हा शब्द बहुतेक हिंदी नमुन्यावरून येत असावा, असा माझा संशय आहे.

तुमच्या वाक्यातली खरी अडचण पुढे आहे: ‘ओळख करून देतो’. ओळख समारंभाच्या अध्यक्षांची करून देतात. सभागृहाच्या अध्यक्षांची ओळख सभागृहात कोणी करून देत नाही. त्यांचं आगमन पुकारलं जातं, सदस्य उभे राहतात, अध्यक्ष नमस्कार करून आसनावर बसतात आणि मगच सगळे बसतात. एका युवा संसदेत मी अध्यक्षांना शाल-श्रीफळ देऊन झाल्यावर ‘आता त्यांनी दोन शब्द बोलावेत’ अशी विनंती झालेली पाहिली आहे. बिचारी मुलगी हातात नारळ घेऊन प्रश्नोत्तराचा तास पुकारत होती.

ओळख करून द्यायचीच असेल तर ती बैठक सुरू होण्याआधी, प्रेक्षकांकडे बघून द्या. किंवा निवडच दाखवा. व्याख्यानाच्या कार्यक्रमात आपण ‘अध्यक्षपदासाठी अमुक यांचं नाव सुचवतो’, ‘मी अनुमोदन देतो’ म्हणतो ना, लोकसभेतही जवळपास तेच घडतं. जून 2024 मध्ये हंगामी अध्यक्ष भर्तृहरी महताब यांच्यासमोर प्रस्ताव मांडला गेला, आवाजी मतदानाने ओम बिर्ला निवडून आले, आणि पंतप्रधान व विरोधी पक्षनेते दोघांनी त्यांना आसनापर्यंत नेलं. तुमच्याकडे हे तीन मिनिटांत उरकतं.

‘सत्र’ हा शब्दही बदला. महिनाभर चालतं ते ‘अधिवेशन’, एका दिवसाची ती ‘बैठक’. तुमची तासाभराची ती बैठकच. तर प्रेक्षकांसाठी:

“लोकसभेच्या बैठकीचं कामकाज आता सुरू होत आहे. अध्यक्षांच्या भूमिकेत आहेत द्वितीय वर्ष कला शाखेच्या कु. अमुक.”

आणि मग मार्शलच्या भूमिकेतल्या विद्यार्थ्याने खणखणीत आवाजात: “सन्माननीय सदस्यहो, माननीय अध्यक्ष!” इथून पुढे सूत्रसंचालकाने माइक सोडायचा, कारण कोणी बोलायचं हे यापुढे फक्त अध्यक्ष ठरवतात. मुलगी असेल तर संबोधन ‘अध्यक्ष महोदया’. पदनाम ‘अध्यक्ष’च ठेवलं तरी चालतं, ‘अध्यक्षा’ही रूढ आहे.

नियमही अध्यक्ष आल्यावर वाचून दाखवू नयेत, आधीच सांगून टाकावेत. मराठी नियमांची भाषा ‘तुम्ही मध्ये बोलू नका’ अशी नसते. कर्ता ‘सदस्य’ आणि क्रियापद विध्यर्थी: “सदस्याने अध्यक्षांना उद्देशून बोलावे.” “अध्यक्ष उभे राहताच बोलणाऱ्या सदस्याने खाली बसावे.” “बोलणारा सदस्य आणि अध्यक्ष यांच्या मधून कोणी जाऊ नये.” हे तिन्ही खरेच लोकसभेचे नियम आहेत, शब्द मी सोपे केले आहेत. सुरुवातीला एवढे पुरतात.

‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ला ‘हरकतीचा मुद्दा’ म्हणा. अनेक जण त्याला ‘औचित्याचा मुद्दा’ म्हणतात, तो वेगळा. कामकाजाचा नियम मोडला असेल तर हरकतीचा मुद्दा, आणि त्यावर अध्यक्षांनी निर्णय द्यायचा असतो. एखाद्या महत्त्वाच्या विषयाकडे, अध्यक्षांच्या परवानगीने, सभागृहाचं लक्ष वेधायचं असेल तर औचित्याचा. समोरच्याचं म्हणणं पटलं नाही म्हणून उठून ‘हरकतीचा मुद्दा!’ ओरडणारे दोनचार जण निघतीलच. त्यांना अध्यक्षांनी एवढंच विचारावं: “कोणत्या नियमाचा भंग झाला?” उत्तर आलं नाही तर, “यात हरकतीचा मुद्दा नाही, सदस्यांनी खाली बसावे.”