उतारा कुठे वळतो ते आधी शोध

‘मी नाशिकला आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लँग्वेज ए लिटरेचर, स्टँडर्ड लेव्हल. पेपर वनच्या, म्हणजे न वाचलेल्या उताऱ्याच्या विश्लेषणाच्या, सरावात मला २० पैकी ९-१० च्या वर जाता येत नाही. मी रूपकं, उपमा, प्रतिमा सगळं शोधून लिहिते, पण टीचर शेरा मारतात, “यादी झाली. व्हॉइस, स्ट्रक्चर आणि शिफ्ट बघ.” म्हणजे नेमकं काय बघायचं? मी बहुतेक वेळा कवितेऐवजी गद्य उताराच निवडते. पुढे इंग्रजी घेऊन बीए करायची इच्छा आहे. ते मला झेपेल का?’
— एक विद्यार्थिनी, नाशिक

तुझ्या टीचरनी सांगितलेल्या तीन गोष्टी वेगवेगळ्या शोधायला जाऊ नकोस. उतारा कुठे वळतो, म्हणजे शिफ्ट, ते आधी शोध, बाकीच्या दोन तिथूनच हाती लागतात. वळणाच्या अलीकडे कोण कसं बोलत होतं आणि पलीकडे कसं बोलतंय, यात व्हॉइस आला. लेखकाने ते वळण उताऱ्यात नेमकं तिथेच का ठेवलं असेल, यात स्ट्रक्चर आलं. उपमा-रूपकं यानंतर बघायची, तीही या वळणाला हातभार लावत असतील तेवढीच.

हे नुसतं सांगून कळत नाही. म्हणून सरावासाठी मी स्वतःच एक छोटा उतारा लिहिला आहे. तुझा पेपर इंग्रजीत असला तरी वाचण्याची रीत तीच आहे, आणि आपल्या भाषेत ती जास्त स्पष्ट दिसते. एकदा सलग वाच. पेन्सिल हातात घेऊ नकोस.

‘गोदेच्या पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं की दुकान आवरायचं, असा आमच्या घरचा नियम होता. तो कोणी कधी लिहून ठेवला नव्हता. पण अण्णांना तो पाठ होता, आणि अण्णांना जे पाठ असे ते आम्हां सगळ्यांना पाठ असे. आधी खालच्या फळीवरचे हंडे वर जायचे, मग परातींची चळत, मग वह्या. आम्ही रांगेत उभे राहायचो आणि भांडी हातोहात माडीवर जायची. आई म्हणायची, घाई नको, दरवर्षीचंच आहे. त्या वर्षी अण्णा पायरीवर बसून राहिले. पाणी छातीला लागल्याचं सांगत शेजारचा मुलगा दोनदा येऊन गेला. हंडे खालीच होते. मी म्हटलं, अण्णा. ते म्हणाले, ऐकलं. मग मी एकटीनेच पहिला हंडा उचलला. तो रिकामा होता, तरी जड लागला. वह्या कुठे ठेवायच्या ते मला आजही विचारलं तर सांगता येणार नाही.’

आता पेन्सिल घे आणि ‘त्या वर्षी’च्या आधी एक उभी रेघ मार. इथे उतारा वळतो हे कुणालाही दिसेल. पण तेवढं लिहून तुला मार्क मिळणार नाहीत. रेघेच्या दोन्ही बाजूंची भाषा कशी बदलली ते बघावं लागेल.

आधीच्या भागातली क्रियापदं बघ : जायचे, राहायचो, जायची, म्हणायची. हा रीती भूतकाळ आहे, म्हणजे पुन्हापुन्हा, ठरल्याप्रमाणे घडणारं. इथे कुठलाही एक विशिष्ट दिवस नाही. ‘आधी... मग... मग’ या मांडणीत वाक्यसुद्धा नियमानेच चालतं. निवेदनाचा कर्ता ‘आम्ही’ आहे आणि या ‘आम्ही’ला कसलीही शंका नाही. रेघेनंतर क्रियापदं एकेकदा घडलेल्या गोष्टींची होतात : बसून राहिले, येऊन गेला, म्हटलं, उचलला. वाक्यं तुटक होतात. आईचं बोलणं चार शब्दांचं, निवांत होतं. इथे ‘अण्णा’ आणि ‘ऐकलं’ असा एकेका शब्दाचा व्यवहार उरतो. आणि ‘आम्ही’ जाऊन ‘मी’ येतो.

आता ‘एकटीनेच’ या शब्दापाशी थांब. बोलणारी मुलगी आहे हे आपल्याला इथे पहिल्यांदा कळतं. ‘आम्ही राहायचो’मध्ये ती कुटुंबात मिसळून गेलेली होती. वडील गप्प बसले, रांग मोडली, आणि त्याच क्षणी ती वाचकाला वेगळी व्यक्ती म्हणून दिसू लागली. व्हॉइस बघ म्हणतात तो हा. ‘निवेदन प्रथमपुरुषी आहे’ एवढं लिहून तू पुढे जात असशील, तर तू फक्त निवेदनाचा प्रकार नोंदवलास. तो प्रथमपुरुष कुठे ‘आम्ही’ आहे, कुठे ‘मी’ होतो आणि का, हे लिहिलंस की विश्लेषण सुरू होतं.

या उताऱ्यात दुसरंही एक वळण आहे आणि ते बहुतेक मुलांकडून सुटतं, कारण त्याला ‘त्या वर्षी’सारखी पाटी नाही. शेवटचं वाक्य ‘आजही’ म्हणतं आणि आपण पुराच्या दिवसातून उठून सांगणाऱ्या प्रौढ बाईजवळ येतो. म्हणजे आवाज एकच असला तरी वयं दोन आहेत. आता मागे जाऊन ‘मग वह्या’ पुन्हा वाच. सुरुवातीच्या यादीत वह्यांची पाळी तिसरी होती आणि सगळ्यांना सगळं पाठ होतं. शेवटी त्याच वह्यांची जागा तिला माहीत नाही. म्हणजे ‘अण्णांना जे पाठ असे ते आम्हां सगळ्यांना पाठ असे’ हे वाक्य लहानपणीचा समज होता, आणि तो समज खोटा ठरल्याचं उतारा कुठेही उघड न म्हणता दाखवतो. प्रत्येक उताऱ्याचं शेवटचं वाक्य वाचून झालं की पहिल्या दोन-तीन वाक्यांकडे परत जायची सवय लाव. रचनेविषयीचा सगळ्यात चांगला मुद्दा बहुतेक वेळा तिथेच असतो.

अण्णा गप्प का, हे उताऱ्यात दिलेलं नाही. ‘ते कर्जबाजारी झाले असावेत’, ‘ते आजारी होते’ असं लिहायचा मोह होईल, पण ते लिहू नकोस. कारण सांगितलेलं नाही, हीच लेखकाची निवड आहे. मुलीला कारण माहीत नव्हतं, म्हणून वाचकालाही दिलेलं नाही, असं लिही. परीक्षकाला तुझा अंदाज नको आहे, लेखकाने काय राखून ठेवलं ते तुला दिसलं का हे त्याला बघायचं असतं. तसंच, ‘लेखिकेला वडिलांचा राग आला’ असं लिहू नकोस. बोलते ती निवेदक आहे. इथे तर ते अगदी उघड आहे, उतारा लिहिणारा मी आहे आणि माझं कधी भांड्यांचं दुकान नव्हतं.

आता उत्तर. तुझी आत्ताची पद्धत अशी असावी : ‘लेखकाने पाण्याचं प्रतीक वापरून संकट दाखवलं आहे. तसेच जड हंड्यातून दुःख व्यक्त होतं.’ यातलं पहिलं वाक्य पुराच्या कुठल्याही उताऱ्याला चिकटवता येईल. ही तपासणी तू स्वतः करू शकतेस : लिहिलेलं वाक्य दुसऱ्या उताऱ्याखाली ठेवून बघ, तिथेही चाललं तर खोड. त्याऐवजी सुरुवातीलाच वळण सांगणारं विधान कर :

‘घराच्या नियमाने बोलणारा “आम्ही” वडिलांच्या मौनापुढे “मी” होतो, आणि पाठ असल्याचा जुना विश्वास शेवटी न येणाऱ्या उत्तरात संपतो.’

मग पहिला परिच्छेद नियमाच्या भाषेवर, दुसरा त्या वर्षीच्या तुटक वाक्यांवर आणि ‘एकटीनेच’वर, तिसरा ‘आजही’ आणि वह्यांवर. रिकामा तरी जड हंडा दुसऱ्या परिच्छेदात आपोआप येतो, कारण रांगेतून हातोहात जाणारं वजन आता एकटीवर आहे. प्रतिमा तीच आहे, पण आता तिला उत्तरात काम आहे. टीचर ‘यादी’ म्हणतात ते हे काम नसतं तेव्हा. तुझ्या पेपरला चार निकष आहेत आणि प्रत्येकाला पाच गुण. त्यातला एक निकष फक्त उत्तराच्या रोखाचा आणि मांडणीचा आहे. यादीचं उत्तर तिथे तर मार खातंच, शिवाय विश्लेषणाच्या निकषातही अडकतं.

एक धोका लक्षात ठेव. परिच्छेद उताऱ्याच्या क्रमाने लिहिताना उत्तर गोष्ट सांगायला लागतं. परिच्छेदाचं पहिलं वाक्य ‘मग अण्णा पायरीवर बसतात’ असं असेल तर तू घसरलीस. ते ‘नियम मोडताच वाक्यांची लांबी मोडते’ असं असेल तर ठीक.

सगळेच उतारे इतके सरळ वळत नाहीत. तृतीयपुरुषी निवेदनात अनेकदा सर्वनामं तृतीयपुरुषीच राहतात आणि अंतर बदलतं : निवेदक लांबून वर्णन करता करता एखाद्या पात्राच्या मनातले शब्द वापरू लागतो. ‘ती खिडकीशी उभी राहिली. आता कशाला येतोय तो!’ यातलं दुसरं वाक्य निवेदकाच्या तोंडचं नाही, तिच्या मनातलं आहे. ओळखायचं कसं, तर संशय आला की विचार, हे शब्द कोणाचे? उद्गार, शंका, बोलीतला शब्द, एकदम आलेलं मतप्रदर्शन दिसलं की तिथे बारीक खूण कर. अशा खुणा उताऱ्याच्या एकाच भागात दाटल्या असतील तर तुझं वळण तेच. आणि ‘पण’ किंवा नवा परिच्छेद दिसला म्हणून वळण जाहीर करू नकोस. दोन्ही बाजूंच्या भाषेतला फरक दोन पुराव्यांनी दाखवता आला तरच ते धर.

वेळ सव्वा तासाचा आहे. त्यातली पहिली वीस मिनिटं लिहू नकोस. दोन्ही उतारे चाळून निवड कर, मग निवडलेला एकदा पेन्सिलीशिवाय वाच, एकदा रेघ आणि खुणा करत वाच, आणि शेवटून सुरुवातीकडे ये. तुझं एका ओळीचं विधान तयार झाल्याशिवाय उत्तरपत्रिकेला हात लावायचा नाही. उताऱ्याखाली दिलेला मार्गदर्शक प्रश्न आत शिरायला दार म्हणून असतो. त्याचंच उत्तर द्यायची सक्ती नाही, पण तो बहुतेक वेळा निवेदन किंवा रचनेकडेच बोट दाखवतो, म्हणून तो सोडायचा असेल तर हाताशी त्याहून भक्कम मुद्दा हवा.

बीएबद्दल. पेपर वन तुझ्या या विषयाच्या ३५ टक्के आहे, त्यामुळे तो सुधारणं गरजेचं आहे. पण ९-१० गुणांवरून इंग्रजी झेपणार नाही असा निष्कर्ष काढू नकोस. तुला प्रतिमा दिसतात, म्हणजे बारीक वाचायची नजर आहे. कमी पडतेय ती जोडणी. येत्या महिन्यात पूर्ण उत्तरं थोडी कमी लिही. जुन्या पेपरमधले गद्य उतारे घे, प्रत्येकावर फक्त उभी रेघ, दोन्ही बाजूंचे दोन-दोन पुरावे आणि एक विधान, एवढंच कर आणि ते टीचरना दाखव. ही विधानं एकमेकांसारखी दिसायला लागली तर समज, तू उतारा न वाचता पद्धत लावते आहेस. तसं झालं तर मला ती विधानं उताऱ्यांसकट पाठव, आपण त्यावर बोलू.